पियानो लावणारी बाई आणि सेकंदाला १७ कॅरेक्टर: सबटायटलच्या नोंदी

४ जून

काम हातात आलं. ९६ मिनिटांचा इंग्रजी सिनेमा, मराठी सबटायटल करायचेत. नाव सांगता येणार नाही, करार आहे. गोष्ट साधी: जुना पियानो असलेला एकटा माणूस आणि तो पियानो सुरात लावायला येणारी बाई. दोघं सिनेमाभर बोलतात पियानोबद्दल आणि म्हणायचं असतं भलतंच. म्हणजे जवळपास प्रत्येक वाक्याला दोन अर्थ. आधी असले एकदोन सीन केलेत पण अख्खा सिनेमा असा पहिल्यांदाच, म्हणून नोंदी ठेवतेय. पुढे कुणाला असलंच काम आलं तर निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नका.

क्लायंटच्या अटी: एका ओळीत जास्तीत जास्त ४२ कॅरेक्टर, दोनच ओळी, वाचायचा वेग सेकंदाला १७ कॅरेक्टर, सबटायटल कमीत कमी २० फ्रेम आणि जास्तीत जास्त ७ सेकंद, दोन सबटायटलच्या मध्ये २ फ्रेम मोकळ्या. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. मोबदला सिनेमाच्या मिनिटावर, त्यामुळे एका ओळीवर तास घालवला तर तो माझ्याच खात्यातून जातो. मी सहा दिवस धरलेत.

५ जून

पहिली वीस मिनिटं केली आणि फाईल उघडून बघते तर अर्ध्याहून जास्त सबटायटल लाल, म्हणजे मर्यादेबाहेर. मला कळेचना, ओळी तर छोट्या दिसतायत! दोन तास टायमिंग तपासत बसले, मग लक्षात आलं की मी मनात अक्षरं मोजत होते आणि सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं धरून मोजतं. बघा:

```
import unicodedata as u
s = "पियानोचं म्हणतेय."
print(len(s))
print(sum(u.category(c)[0] != "M" for c in s))
```

पहिला आकडा १७ येतो, दुसरा ११. डोळ्याला दिसतात ती ११, त्यातही ‘म्ह’ आपण एकच अक्षर म्हणून वाचतो, पण हिशोबात लागतात १७. म्हणजे १७ची मर्यादा मराठीला इंग्रजीपेक्षा बरीच जास्त आवळते. क्लायंटला मेल केला की मात्रा सोडून मोजू का, उत्तर आलं, ‘नाही.’ म्हणजे वरच्या लेनने जे येईल तेच धरायचं. ठीक. खाली जिथे जिथे आकडा देईन तो स्पेस, पूर्णविराम, काना-मात्रा सगळं धरून.

याचा एक फायदा म्हणजे शब्द निवडताना मात्रांकडे लक्ष जायला लागलं. जोडाक्षरं महाग. ‘तुम्ही’ सहाला पडतं, ‘तू’ दोनला. यावर पुढे येईनच, कारण इथे स्वस्त म्हणून ‘तू’ घेऊन चालत नाही.

६ जून

आज फक्त पहिल्या भेटीचा सीन, साडेतीन मिनिटं. दिवस गेला.

ती झाकण उघडते, आत बघते आणि विचारते, याला शेवटचा हात कुणी कधी लावला होता. तो म्हणतो, सात वर्षं, कुणीच नाही. ती थांबते, हसते, म्हणते, मी पियानोबद्दल विचारतेय. एवढंच. पण थेटरात इथे हशा यायला हवा.

माझा पहिला ड्राफ्ट: ‘या पियानोला शेवटचा हात कुणी आणि कधी लावला होता?’ ४७ कॅरेक्टर. वेळ २ सेकंद, म्हणजे ३४ची जागा. लांब तर आहेच, पण खरी चूक वेगळीच. प्रश्नातच पियानोचं नाव घेतलं तर तिसऱ्या ओळीत ती दुरुस्ती कसली करणार? गंमत तिथेच मेली. मला हे लांबी कमी करताना कळलं, आधी नाही, कबूल करते. ‘पियानोला’ काढला फक्त जागेसाठी आणि अचानक ओळ जिवंत झाली. इंग्रजीत ‘इट’ म्हणावं लागतं, त्यामुळे वस्तूबद्दल चाललंय हे थोडं उघड होतं. मराठीत ते पण लागत नाही, काहीच नाही म्हटलं तरी वाक्य पूर्ण असतं.

दुसरा ड्राफ्ट ‘शेवटचा हात कधी लागला?’ २१. मी खूश. रिव्ह्यू करणाऱ्या ताईंना पाठवला तर त्या म्हणाल्या, ‘अगं, शेवटचा हात म्हणजे मला वाटलं पॉलिशचा शेवटचा हात.’ बरोबर आहे, शेवटचा हात फिरवणे. ती ओळ गेली.

तिसरा: ‘किती वर्षांत कुणाचा हात लागला नाही?’ बोलायला एकदम नीट. मोजलं तर ३५. एका कॅरेक्टरने जास्त! अर्धा तास या एकावर. मग ‘कुणाचा’ प्रश्नातून उचलला आणि त्याच्या उत्तरात टाकला:

‘किती वर्षांत हात लागला नाही?’ (२८)
‘सात. कुणाचाच नाही.’ (१८)
‘पियानोचं म्हणतेय.’ (१७)

उत्तराला १.२ सेकंद आहेत म्हणजे २०ची जागा, शेवटच्या ओळीला १.१ म्हणजे १८ची. तिन्ही बसले. आणि ‘कुणाचाच’ आता त्याच्या तोंडी आल्यामुळे बिचाऱ्याचा एकटेपणा जास्त लागतो, मूळ इंग्रजीत तो शब्द तेवढा वजनदार नाहीये. शेवटची ओळ आधी मी ‘पियानोला म्हणतेय’ केली होती, मूळ प्रश्नातल्या ‘याला’शी जुळावं म्हणून, पण ते वाचताना ती पियानोशीच बोलतेय असं वाटतं. ‘ला’चा ‘चं’ केला, आकडा तोच राहिला.

७ जून

कालच्या तीन ओळी का जमल्या ते आज पुढची ओळ करताना समजलं.

‘हात लागला’ मध्ये क्रियापद हाताप्रमाणे चालतं. ज्याला हात लागला तो पुरुष की बाई, तू की तुम्ही, माणूस की पेटारा, काहीच दिसत नाही. म्हणून दोन्ही अर्थ एकत्र राहतात. मराठीत दुहेरी अर्थ फुटतो तो बहुतेक वेळा क्रियापदाच्या शेपटीत, कारण तिथे लिंग उघडं पडतं. इंग्रजीवाल्याला ही डोकेदुखीच नाही.

याच सीनमध्ये पुढे ती एक पट्टी दाबते आणि म्हणते अर्धा स्वर खाली आलाय, तो म्हणतो, आम्ही दोघंही. माझं: ‘अर्धा स्वर उतरलाय.’ (१८) ‘मीही तसाच.’ (१०) पाच मिनिटांत झालं. उतरलेला स्वर, उतरलेला चेहरा, आणि स्वर पुल्लिंगी, पियानो पुल्लिंगी, तो पण पुरुष. सगळं आपोआप जुळलं. मला वाटलं आता गाडी लागली रुळाला.

८ जून

नाही लागली.

दुसऱ्या भेटीत ती त्याला तार आवळायची चावी हातात देते आणि म्हणते, जपून, फारच ताणलंय. त्याच दिवशी तिचं फोनवर भांडण झालेलं आहे, कपाळावर आठ्या आहेत, तो तिच्याकडे बघत म्हणतो, दिसतंय. म्हणजे इथे निशाणा ती आहे.

मी सवयीने लिहिलं ‘जपून. फार ताणलाय.’ पुढे पण गेले. संध्याकाळी मैत्रिणीला चित्र न दाखवता नुसत्या ओळी वाचून दाखवल्या आणि विचारलं कुणाबद्दल चाललंय. (ही टेस्ट मी आता प्रत्येक असल्या ओळीला करते, सिनेमा न पाहिलेलं माणूस हवं.) ती म्हणाली, ‘पियानो नाहीतर तो.’ बाईचं नावच नाही! अर्थात, ‘ताणलाय’ म्हटल्यावर बाई येणारच कुठून. पडद्यावर तो तिच्याकडे बघतोय पण खाली लिहिलेलं तिच्यापर्यंत पोचतच नाही.

क्रियापद बदलून बघितलं, ‘ताण आहे’ केलं, दोन्हीकडे लागतं पण औषधाच्या जाहिरातीसारखं वाटतं. ‘ताणलं आहे’ केलं तर कुणालाच लागत नाही. शेवटी क्रियापद सोडलं आणि वस्तूच बदलली. ती चावी घालते कुठे? तारेच्या खुंटीवर. आणि तार स्त्रीलिंगी!

‘जपून. फार ताणलीय.’ (१७)
‘दिसतंय.’ (७)

‘तार’ शब्द लिहिलाच नाही, क्लोजअपमध्ये तारा दिसतातच. मैत्रिणीला परत वाचून दाखवलं, यावेळी म्हणाली, ‘तार? का ती बाई?’ झालं. ‘दिसतंय’ला तर लिंगाचा प्रश्नच नाही, ते नपुंसकलिंगी, कुठेही चालतं.

या एका शेपटीपायी साधारण चार तास. पण मग मी बसून यादी केली: पियानो, स्वर, सूर, हातोडा हे त्याच्यासाठी, तार, पट्टी, खुंटी, चावी हे तिच्यासाठी. पुढच्या जवळपास प्रत्येक डबल अर्थाच्या ओळीला आधी बघायचं की टोला कुणाला आहे, आणि मग वस्तू त्या रांगेतून उचलायची. ही यादी चार जूनला केली असती तर दोन दिवस वाचले असते.

१० जून

काल सुट्टी घेतली, डोळे गेले होते.

आज एक ओळ हरले. तो तिला ‘शार्प’ म्हणतो, ती म्हणते फ्लॅटपेक्षा बरं. शार्प म्हणजे हुशार आणि शार्प म्हणजे चढा सूर, असं एका शब्दात मला मराठीत नाही सापडलं. तीक्ष्ण, धारदार, तल्लख सगळं लावून पाहिलं, सुराला काहीच लागत नाही. मग कौतुक सोडलं आणि चिडवणं ठेवलं: ‘सूर चढलाय तुमचा.’ तिचं उत्तर आधी ‘उतरण्यापेक्षा चढलेला बरा.’ २५ झालं, वेळ १.३ सेकंद म्हणजे जागा २२. ‘चढलेला’ काढला, ‘उतरल्यापेक्षा बरा.’ (१८) आणि पहिल्या भेटीतला ‘उतरलाय’ परत आठवतो, तेवढीच भरपाई. पण मूळात तो तिच्या डोक्यावर भाळलाय हे यातून गेलं ते गेलंच. तीन सबटायटल पुढे एक साधं ‘वाव’ आहे तिथे मी ‘हुशार आहात.’ करून घेतलं, तिथे जागा होती.

११ जून

आजचा दिवस पूर्ण एका चुकीच्या समजुतीपायी गेला, नीट लिहून ठेवते.

पियानो फार उतरला असेल तर तो एकदा सुरात लावून टिकत नाही, सगळ्या तारांवरचा ताण एकदम वाढतो आणि तो परत खाली सरकतो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा लावावा लागतो. हे खरं आहे, मी वाचून खात्री केली. सिनेमात ती हेच सांगते: टिकणार नाही एकदा लावून. मग बॅग बंद करते, दाराकडे वळते, आणि म्हणते, परत यावं लागेल. तो विचारतो किती वेळा. ती म्हणते, टिकेपर्यंत. अख्ख्या सिनेमातली माझी लाडकी जागा.

मराठीत तर लॉटरी, कारण वाद्य सुरात आणणं म्हणजे ‘लावणं’ आणि हात, जीव, लळा, वेड सगळं आपण ‘लावतो’च. तेव्हा ‘लावून’ हा शब्द ठेवायचाच असं ठरवलं.

सगळं एका सबटायटलमध्ये टाकलं: ‘एकदा लावून नाही टिकणार. परत यावं लागेल.’ ३९, अडीच सेकंदांत आरामात बसतं. पण चालवून बघितलं आणि तोंड कडू झालं. ती अजून बॅगेची चेन लावतेय आणि प्रेक्षकाने खाली वाचून टाकलंय की ही परत येणार. वळणं, थांबणं, सगळं फुकट. तोडायलाच पाहिजे.

तोडलं तर पहिल्या तुकड्याला १.२ सेकंद, जागा २०, आणि ‘एकदा लावून नाही टिकणार.’ २३. तीन जास्त. इथून माझी घसरगुंडी सुरू. ‘एकदा नाही टिकणार’, हे कळतच नाही. ‘एकदा लावून भागत नाही.’ २१, तरी एक जास्त. ‘लावून’ काढला तर खेळच संपतो. दुपारी तीनपर्यंत हेच. रागारागात ‘नाही टिकणार.’ एवढंच ठेवून जेवायला गेले.

जेवताना सुचलं की वेळ १.२ सेकंदच का? कारण इंग्रजी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे क्लायंटकडून आलेल्या टायमिंगच्या फाईलमध्ये, तेवढा आहे. पण ती बोलायची थांबल्यावर जवळजवळ एक सेकंदाची शांतता आहे! आऊट टाईम, म्हणजे सबटायटल जायची वेळ, पुढे सरकवला की झालं. मी टेम्प्लेट लॉक आहे असं धरून चालले होते. क्लायंटची सूचना परत उघडून वाचली, शॉटच्या कटवर जायचं नाही आणि २ फ्रेम सोडायच्या, बाकी सरकवायला परवानगी पहिल्या पानावरच लिहिलेली. सात फ्रेम सरकवल्या, साधारण १.५ सेकंद झाले, २५ची जागा. संपला प्रश्न. सहा तास.

आणि मग शेवटचं उत्तर. ‘टिकेपर्यंत’ ठीक होतं, अर्थ पोचत होता, पण तिथे ती बाई नव्हती, नुसता पियानो होता. ‘टिकणं’ माणसाला लागतं ते नोकरीत. ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या, ‘राहणं बघ की.’ बघितलं:

‘एकदा लावून नाही राहणार.’ (२३)
‘परत यावं लागेल.’ (१५)
‘किती वेळा?’
‘राहीपर्यंत.’ (११)

सूर राहीपर्यंत की ती राहीपर्यंत? ‘राहणार’ला तर लिंग पण नाही, तो, ती, ते सगळ्यांना तेच, आणि ‘टिकणार’ इतकंच लांब, एकही कॅरेक्टर जास्त नाही. मी फोनवर ओरडलेच.

१२ जून

काल इतकी चढली होती की आज माती खाल्ली. निरोपाच्या सीनमध्ये तो फक्त एवढंच म्हणतो की पियानो आता छान वाजतोय, आवाज थोडा बसलेला. मी लिहिलं: ‘पियानो लावायला आलात, वेड लावून चाललात.’ स्वतःवरच खूश होऊन ताईंना पाठवलं. उत्तर: ‘हे तो म्हणालाच नाही. आणि हा माणूस असं कधी म्हणेल का?’ वर १.६ सेकंदांत ते बसत पण नव्हतं, म्हणजे मी वेळ चोरायच्या तयारीत होते. काढलं. ‘छान लागलाय आता.’ केलं. त्यात जेवढं आहे तेवढं आहे.

१३ जून

तुम्ही-तूचा निर्णय आज घेतला, खरं तर पहिल्या दिवशीच घ्यायला हवा होता. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे मूळ फाईल काहीच सांगत नाही. घरी कामाला आलेली अनोळखी बाई, म्हणजे दोघंही तुम्हीवर. मग तू कधी? मी आधी चुंबनाच्या सीननंतर केलं होतं. बघताना वाटलं की हे तर सगळ्यांना माहितीच आहे, मग तूची किंमत काय.

मागे मागे येत गेले आणि एक अगदी फालतू ओळ सापडली. ती पियानोखाली पेडलजवळ शिरलीये, बाहेर येताना तो म्हणतो डोकं सांभाळा. तिथे ‘डोकं सांभाळ.’ केलं. एक काना गेला फक्त. ती काही बोलत नाही, दोन सबटायटलनंतर त्याच्या हातात पाना देते, तिथे ‘धर हे.’ संपलं, दोघंही तूवर. कुणी प्रेमाचं अक्षर बोललेलं नाही अजून.

याचा त्रास म्हणजे या जागेच्या आधीचे सगळे तुम्ही आणि नंतरचे सगळे तू तपासणं. शोधा-बदला करून होत नाही, कारण ‘आलात’, ‘बसा’, ‘तुमचा’ अशा शेपट्या सगळीकडे. हाताने केलं, तीन तास, तरी दोन ‘बसा’ राहिले होते ते ताईंनी पकडले.

१५ जून

फाईल पाठवली. सहा दिवस धरले होते, दहा गेले.

१८ जून

तपासणीतून १४ शेरे परत. बहुतेक टायपिंगचे, दोन ठिकाणी २ फ्रेमची मोकळी जागा राहिली नव्हती, ते माझंच. दोन शेरे लिहून ठेवण्यासारखे.

एक, ‘ताणलीय’वर: ‘पियानो पुल्लिंगी, ताणलाय करा.’ मी त्या फ्रेमचा स्क्रीनशॉट पाठवला, चावी तारेच्या खुंटीवर आहे, आणि खाली एका ओळीत लिहिलं की वाक्य तारेबद्दल आहे आणि पुढची ओळ बाईबद्दल. मान्य झालं. पुढच्या वेळी अशा ओळींवर फाईलसोबत आधीच टीप देणार, तपासणारा माणूस शब्द बघतो, त्याच्यासमोर मैत्रीण बसलेली नसते.

दुसरा, ‘राहीपर्यंत’वर: ‘कर्ता स्पष्ट नाही. सूर राहीपर्यंत?’ बदललं तर १५ होतं, ०.९ सेकंदांत बरोब्बर बसतं, म्हणजे जागा नाही असं कारण पण देता येईना. खरं तेच लिहिलं: कर्ता मुद्दाम ठेवलेला नाही, तो प्रेक्षकाने ठरवायचाय. त्याला अजून उत्तर नाही.

२१ जून

उत्तर आलं. ‘ठीक. पण वेळा-चा काना राहिलाय.’ बघितलं तर खरंच, अख्ख्या सिनेमातल्या लाडक्या जागेत मी ‘किती वेळ?’ लिहून पाठवलं होतं. दुरुस्त करून चौथी फाईल पाठवली.